पालकाच्या पट्टीवरचे पाच ठिपके आणि न जुळणारा Rf

प्रश्न: मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पालकाच्या पानातली रंगद्रव्यं पेपर क्रोमॅटोग्राफीने वेगळी केली. कागद व्हॉटमन नं. १, द्रावक पेट्रोलियम इथर ९ भाग आणि अ‍ॅसिटोन १ भाग. पेन्सिलची रेषा कागदाच्या तळापासून २ सेंमीवर होती. द्रावक तळापासून १२.५ सेंमीपर्यंत चढला. वरून खाली पाच ठिपके मिळाले: पिवळा १२.१, करडा १०.७, पिवळा ९.६, निळसर हिरवा ८.७ आणि पोपटी ६.६ सेंमी. Rf अनुक्रमे ०.९६८, ०.८५६, ०.७६८, ०.६९६, ०.५२८ आले. पुस्तकात चारच आहेत: कॅरोटीन ०.९५, झँथोफिल ०.७१, क्लोरोफिल ए ०.६५, क्लोरोफिल बी ०.४५. माझा ०.६९६ हा ०.७१ च्या जवळचा, म्हणून निळसर हिरव्या ठिपक्याला झँथोफिल लिहिलं, पण मग बाकीचं काहीच जुळेना. करडा ठिपका तर पुस्तकात नाहीच. मित्र म्हणतो पुस्तकातले आकडे लिहून मोकळा हो. रिपोर्टमध्ये काय लिहू?

उत्तर:

तुझी पट्टी चांगली आली आहे. पाच ठिपके सुटे दिसणं हे पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला रोज होत नाही. निम्म्या मुलांच्या पट्टीवर वर एक पिवळी रेघ आणि खाली हिरवा लांबट डाग एवढंच असतं. घोळ पट्टीत नाही, फूटपट्टी लावून मोजण्यात आहे, आणि तो कुठे आहे हे तू स्वतःच प्रश्नात लिहून ठेवलं आहेस.

सगळी अंतरं तू कागदाच्या तळापासून मोजलीस. Rf साठी ती पेन्सिलच्या रेषेपासून मोजायची असतात. रंगद्रव्याचा प्रवास सुरू झाला तो त्या रेषेवरून. त्याखालचे २ सेंमी द्रावक एकटाच चढत होता, रंगद्रव्य तिथे नव्हतंच. शर्यतीत दोघांनाही एकाच जागेवरून धावायला लावलं तरच कोण किती मागे राहिलं हे सांगता येतं.

ही चूक ओळखायची एक साधी युक्ती सांगते. समज, एखादं रंगद्रव्य जागचं हललंच नाही, पेन्सिलच्या रेषेवरच बसून राहिलं. त्याचा Rf शून्य यायला हवा. तुझ्या पद्धतीने तो किती येईल? २ भागिले १२.५, म्हणजे ०.१६. न हललेल्या ठिपक्याला ०.१६ मिळत असेल तर हिशोबात खोट आहे हे उघड झालं. आणि ही खोट सगळ्या ठिपक्यांना सारखी लागत नाही. वरच्या टोकाला, द्रावकाबरोबर पळणाऱ्या कॅरोटीनला ती जाणवतही नाही. खाली यावं तशी वाढत जाते. तुझे आकडे पुस्तकाशेजारी ठेवून बघ. कॅरोटीनमध्ये ०.०२ चा फरक, पोपटी ठिपक्यात जवळजवळ ०.०८ चा. फरक खालच्या दिशेला वाढतोय, म्हणून माझी नजर आधी रेषेकडे गेली.

एक कबूल करायला हवं. द्रावकात अ‍ॅसिटोन जास्त पडलं तरी साधारण असंच दिसतं. खालचे ठिपके वर सरकतात आणि कॅरोटीनला आणखी वर जायला जागाच नसते. म्हणून नुसता आकड्यांचा कल पाहून निकाल देऊ नये. आधी मोजणी दुरुस्त करायची, आणि तरीही खालचे ठिपके वरच राहिले तर मग द्रावकाकडे बोट दाखवायचं. तुझ्या बाबतीत तिथवर जायची वेळ येत नाही.

आता प्रत्येक अंतरातून २ सेंमी वजा कर. द्रावकाचं अंतर १०.५ सेंमी. तेच सगळ्यांचा छेद.

Rf = (आरंभरेषेपासून ठिपक्याच्या मध्यापर्यंतचं अंतर) ÷ (आरंभरेषेपासून द्रावकाच्या टोकापर्यंतचं अंतर)

| ठिपका | अंतर (सेंमी) | Rf |
|---|---|---|
| पिवळा, सर्वांत वरचा | १०.१ | ०.९६ |
| करडा | ८.७ | ०.८३ |
| पिवळा | ७.६ | ०.७२ |
| निळसर हिरवा | ६.७ | ०.६४ |
| पोपटी | ४.६ | ०.४४ |

मित्राचा सल्ला ऐकला असतास तर ०.९५, ०.७१, ०.६५, ०.४५ असे आकडे लिहिले असतेस. स्वतःचे नीट मोजलेले आकडे त्याच्या इतके जवळ आहेत. आणि शिक्षकांना पुस्तकी आकडे लगेच कळतात, कारण वीस जर्नलांमध्ये तेच चार आकडे शेवटच्या अंकापर्यंत सारखे दिसतात. एका वर्षी आमच्या बॅचमध्ये अशी अकरा जर्नलं आली होती. त्यांतल्या तिघांच्या पट्ट्यांवर क्लोरोफिल बी दिसतच नव्हतं, पण त्याचा Rf मात्र व्यवस्थित ०.४५ होता.

दशांशांबद्दलही बोलू. तू तीन स्थळांपर्यंत गेलास, ०.९६८ वगैरे. फूटपट्टीवर तू मिलिमीटर वाचतोस आणि ठिपका स्वतः सात-आठ मिलिमीटर लांब असतो. त्याचा मध्य ठरवताना एक मिलिमीटर इकडे-तिकडे होतोच. १०.५ सेंमीच्या प्रवासात एक मिलिमीटर म्हणजे ०.०१. दुसऱ्या स्थळावरच शंका आहे, तिथे तिसरं स्थळ लिहिणं म्हणजे कॅलक्युलेटरने दाखवलं म्हणून लिहिणं. दोन स्थळं पुरे. ठिपका फार लांबट असेल तर त्याची वरची आणि खालची कड दोन्ही मोजून Rf ची मर्यादा द्यावी, ‘०.६१ ते ०.६८’ अशी. परीक्षक हे वाचून खूश होतो, कारण तुला तुझ्या आकड्याची ताकद किती आहे हे माहीत आहे, असं त्याला दिसतं.

आता रंगाचा मुद्दा. खरं सांगायचं तर मोजण्याच्या चुकीपेक्षा मला याची जास्त काळजी वाटली. निळसर हिरव्या ठिपक्याला तू झँथोफिल लिहिलंस. झँथोफिल पिवळं असतं. आकडा जुळला म्हणून डोळ्याला दिसणारा रंग बाजूला ठेवलास. ओळख पटवताना तीन गोष्टी एकत्र बघायच्या असतात: रंग, क्रम आणि Rf. यांत Rf सगळ्यांत लहरी आहे. कागद बदला, द्रावकाचं प्रमाण थोडं हलवा, भांडं नीट झाकलं नाही, कागद ओलसर असला, की तो बदलतो. एका कागदावर, एका द्रावकात क्रम सहसा टिकतो आणि रंग तर टिकतोच. तिन्ही एका दिशेला बोट दाखवत असतील तरच नाव लिहायचं. दोघं एकीकडे आणि आकडा तिसरीकडे असेल, तर आधी आकड्याची चौकशी करायची.

क्रम असा का लागतो हे रिपोर्टच्या चर्चेत दोन-तीन वाक्यांत यायला हवं. व्हायवाला हमखास विचारतात. कागद म्हणजे सेल्युलोज. तो वाळलेला दिसला तरी त्याच्या तंतूंनी पाणी धरून ठेवलेलं असतं. ध्रुवीय रेणूंना ते पाणी आणि सेल्युलोजचे -OH गट ओढून धरतात. दुसरीकडे पेट्रोलियम इथर जवळजवळ अध्रुवीय. त्यात जरासं अ‍ॅसिटोन घातलं की मिश्रण थोडं ध्रुवीय होतं. प्रत्येक रंगद्रव्य या दोघांमध्ये वाटलं जातं. द्रावकाच्या बाजूचा वेळ जितका जास्त, तितकं ते वर जातं.

कॅरोटीन हा निव्वळ हायड्रोकार्बन आहे, C₄₀H₅₆. त्यात कागदाला धरायला काहीच नाही, म्हणून ते द्रावकाच्या टोकाला लागूनच पळतं. झँथोफिल हे एकाच पदार्थाचं नाव नाही, ते एका कुळाचं नाव आहे. पालकात त्यातलं मुख्य म्हणजे ल्युटीन, C₄₀H₅₆O₂. सांगाडा कॅरोटीनचाच, पण दोन -OH गट जास्त. तेवढ्यानेही ते मागे राहतं. क्लोरोफिलमध्ये मध्ये मॅग्नेशियम असलेलं कडं आहे आणि ऑक्सिजन असलेले अनेक गट आहेत. लांब फायटॉल शेपटीमुळे ते इथरमध्ये विरघळतं खरं, पण कागदही त्याला ओढतो. ए आणि बी मधला फरक तर एका जागेचा: ए मध्ये -CH₃ आहे तिथे बी मध्ये -CHO. अल्डिहाइड गट मिथाइलपेक्षा ध्रुवीय, म्हणून बी सगळ्यांत खाली. ०.६४ आणि ०.४४ यांमधलं दोन सेंमीचं अंतर या एका गटाने पाडलं, हे मला अजूनही गंमतीचं वाटतं.

इथे एक धोका आहे. इंटरनेटवर पालकाच्या रंगद्रव्यांचे फोटो शोधलेस तर बऱ्याच ठिकाणी झँथोफिल क्लोरोफिलच्या *खाली* दिसेल. ते फोटो चुकीचे नाहीत. ते सिलिका जेलच्या पातळ थराचे, म्हणजे टीएलसीचे आहेत. सिलिका -OH गटांना कागदापेक्षा घट्ट धरते, त्यामुळे ल्युटीन खाली बसतं आणि क्रम बदलतो. टीएलसीचा Rf कागदाच्या रिपोर्टमध्ये आणून जुळवू नकोस. दरवर्षी एकदोन मुलं हे करतात आणि मग बरोबर आलेली पट्टी चूक समजून फेकून देतात.

आता करडा ठिपका. ते फिओफायटिन. क्लोरोफिलच्या कड्यातून मॅग्नेशियम बाहेर पडलं आणि त्या जागी हायड्रोजन बसले की फिओफायटिन तयार होतं. रंग हिरव्याचा करडा-तपकिरी होतो. मेथीची किंवा पालकाची भाजी झाकण ठेवून फार वेळ शिजवली की जी मळकट छटा येते, ती याचीच. आम्लाने हे लवकर घडतं आणि पालकाच्या पेशीरसात आम्ल भरपूर असतं, ऑक्झॅलिक आम्लासकट. जिवंत पेशीत ते वेगळ्या कप्प्यात असतं. खलबत्त्यात वाटताना कप्पे फुटतात आणि आम्ल क्लोरोफिलला भिडतं. अर्क दुपारपर्यंत बाकावर राहिला किंवा आदल्या दिवशीचा असला तर करडा ठिपका आणखी गडद होतो.

पुस्तकातल्या यादीत तो नाही याचा अर्थ यादी ताज्या, जपून काढलेल्या अर्काची आहे. तुझ्या पट्टीवर आहे तर लिहायचा. Rf ०.८३, रंग करडा, जागा कॅरोटीन आणि झँथोफिलच्या मधली; या द्रावकात फिओफायटिन इथेच येतं. मात्र नुसतं ‘फिओफायटिन’ असं लिहून थांबू नकोस, कारणही लिही. शक्य असेल तर खात्री करून घे. त्याला दहा मिनिटं पुरतात. उरलेल्या अर्कातला थोडासा वेगळ्या परीक्षानळीत घे, त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाक आणि हलव. हिरवा रंग तपकिरी होताना दिसेल. हा अर्क साध्या अर्काशेजारी त्याच कागदावर लावून चढव. हिरवे ठिपके फिके पडले आणि करडा गडद झाला, तर तुझ्या करड्या ठिपक्याचं मूळ सापडलं. पुढच्या वेळी तो नको असेल तर वाटतानाच चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट टाक. ते आम्ल मारतं.

बाय द वे, खडूच्या भुकटीचा आणि पानांच्या रंगाचा संबंध यापेक्षा जुना आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने वॉर्सामध्ये काम करताना पानांतली रंगद्रव्यं काचेच्या नळीत भरलेल्या कॅल्शियम कार्बोनेटमधून गाळून वेगळी केली. नळीत रंगांचे पट्टे पडले. १९०६ मध्ये त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. कागद बऱ्याच नंतर आला, १९४४ मध्ये, तोही पानांसाठी नव्हे; कॉन्स्डेन, गॉर्डन आणि मार्टिन यांना प्रथिनांतली अमिनो आम्लं वेगळी करायची होती. तुझ्या प्रॅक्टिकलमधला पदार्थ त्स्वेतचा आणि साधन मार्टिनचं.

पट्टी पुन्हा करायची वेळ आली तर हे बघ.

अर्क गडद असू दे. साधारण ५ ग्रॅम पानं घे, देठ आणि जाड शिरा काढून. पानं धुतलीस तर टिपकागदाने पूर्ण कोरडी कर. ५ मिलि अ‍ॅसिटोन आणि थोडी स्वच्छ वाळू घालून वाट. वाटलेलं गाळून घे. अर्क काळपट हिरवा दिसला पाहिजे. पोपटी दिसत असेल तर पाणी शिरलं आहे किंवा अ‍ॅसिटोन जास्त झालं आहे. पाणी शिरलेला अर्क कागदावर लवकर वाळत नाही, ठिपका पसरतो आणि मग सगळे रंग एकमेकांत शिरतात.

ठिपका लावणं हे या प्रॅक्टिकलचं सगळ्यांत नाजूक काम. केशनळीने टेकवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा त्याच जागी टेकवायचं. आठ-दहा वेळा. प्रत्येक वेळी वाळू दिलं नाही तर ठिपका मोठा होतो. मुलं कंटाळून तीन वेळा टेकवून थांबतात आणि मग बी दिसत नाही म्हणून तक्रार करतात. उलट काही जण एकदम मोठा थेंब सोडतात. त्यांच्या पट्टीवर ए आणि झँथोफिल एकात एक जातात. तुझ्याच आकड्यांवरून बघ: ७.६ आणि ६.७, म्हणजे मध्यापासून मध्य फक्त ९ मिलिमीटर. ठिपका १० मिलिमीटरचा झाला असता तर ते दोघं चिकटलेच असते. ठिपका सुरुवातीला ३-४ मिलिमीटरपेक्षा मोठा नको.

रेषा पेन्सिलचीच. पेनची शाईही द्रावकाबरोबर चालायला लागते. कागद कडेला धर, मध्ये बोट लावू नको. बोटाचं तेल लागलेल्या जागी द्रावक वाकडा चढतो. भांड्यात द्रावक रेषेच्या खाली असायला हवा. रेषा बुडाली तर रंगद्रव्य वर चढण्याऐवजी तळातल्या द्रावकात विरघळून जातं आणि खालचा द्रावक हिरवा दिसतो. तो हिरवा दिसला की पट्टी फुकट गेली समजायचं.

कागद टाकण्याआधी द्रावक भरलेलं भांडं झाकून दहा मिनिटं ठेव. भांड्यातली हवा द्रावकाच्या वाफेने भरू दे. नाहीतर कागदावरून द्रावक उडतो आणि तो भरून काढायला खालून आणखी द्रावक चढतो. दिसायला टोक तिथेच, पण रंगद्रव्यावरून गेलेला द्रावक जास्त, म्हणून Rf फुगतो. त्यात पेट्रोलियम इथर उडायला फार तयार असतं. ते उडून गेलं की उरलेल्या मिश्रणात अ‍ॅसिटोनचं प्रमाण वाढतं, आणि मघाशी म्हटलं तसे खालचे ठिपके आणखी वर जातात. एप्रिल-मे मध्ये पंख्याखाली, झाकण न लावता चढवलेल्या पट्ट्यांवर क्लोरोफिल बी ०.५५ च्या वर गेलेलं मी पाहिलं आहे. त्यांनी मोजणी अगदी बरोबर केली होती. आणि हे सांगायलाच हवं: इथर आणि अ‍ॅसिटोन दोन्ही झटकन पेटतात. त्या टेबलावर बर्नर बंद.

द्रावक वरच्या कडेपासून साधारण १ सेंमीवर आला की पट्टी बाहेर काढ आणि त्याच क्षणी टोक पेन्सिलने आख. अर्ध्या मिनिटात तो उडून जातो आणि मग ‘इथपर्यंत होता बहुतेक’ असा अंदाज चालू होतो. हा अंदाज चुकला तर छेद चुकतो आणि पाचही Rf एका दमात चुकतात. ही चूक ओळखायची खूण वेगळी आहे: सगळे आकडे एकाच पटीत वर किंवा खाली जातात, अगदी कॅरोटीनसुद्धा. कॅरोटीन ०.८८ आलं असेल तर बहुधा टोक चुकीच्या जागी आखलं गेलं आहे. आणि १ पेक्षा मोठा Rf आला तर विचारूच नकोस, तो होऊच शकत नाही.

ठिपक्यांची बाह्यरेषाही तेव्हाच आखून घे. ही रंगद्रव्यं हवेत आणि उजेडात टिकत नाहीत.

आता तुझ्या निष्कर्षाबद्दल. ‘यावरून सिद्ध होते की…’ असं लिहू नकोस. दोन वेगळ्या पदार्थांचा Rf एका द्रावकात सारखा येऊ शकतो. झँथोफिल कुळातलेच निओझँथिन आणि व्हायोलाझँथिन पालकात असतात आणि ते तुझ्या पट्टीवर वेगळे दिसले नाहीत, म्हणजे कुठल्यातरी ठिपक्यात मिसळलेले किंवा डोळ्याला दिसणार नाहीत इतके फिके असणार. Rf ने ओळख *सुचते*. खात्री हवी असेल तर तो ठिपका कापून, ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर घे. लाल बाजूला शोषणाचं शिखर ६६३ नॅनोमीटरच्या आसपास असेल तर क्लोरोफिल ए, ६४५ च्या आसपास असेल तर बी. पिवळ्या ठिपक्यांना लाल बाजूला शिखरच नसतं. त्यांचं शोषण निळ्या बाजूला, ४५० च्या आसपास. महाविद्यालयात हे यंत्र असतं. पहिल्या वर्षाला हात लावू देत नसतील तर प्रयोगशाळा सहायकांना विचार. तोवर एक स्वस्त चाचणी आहे: दुकानात नोटा तपासायला वापरतात तो अतिनील दिवा अंधारात पट्टीवर धर. हिरवे ठिपके मंद लालसर चमकतात, पिवळे चमकत नाहीत. करडाही लालसर चमकेल, कारण फिओफायटिनचं कडं क्लोरोफिलचंच आहे. दिव्याच्या उजेडाकडे थेट बघू नकोस.

हाच मुद्दा तुझ्या बॅचमध्ये कुणी काळ्या स्केचपेनच्या शाईवर करत असेल त्याला आणखी लागू होतो. पानांच्या रंगद्रव्यांना निदान पुस्तकी Rf आहे. शाईत कंपनी कोणता रंग घालते हे पाकिटावर नसतं, तेव्हा जुळवायला पुस्तकातला आकडाच नाही. तिथे त्याच कागदावर, त्याच रेषेवर, शेजारी निळं, लाल, पिवळं स्केचपेन लावायचं आणि काळ्यातून सुटलेला निळा ठिपका शेजारच्या निळ्याच्या समोर येतो का ते पाहायचं. एकाच कागदावर चढल्यामुळे द्रावक, तापमान, ओल सगळं दोघांनाही सारखंच. मला विचारशील तर पालकासाठीसुद्धा हीच पद्धत चांगली. शुद्ध क्लोरोफिल महाग, पण गाजराचा अर्क फुकटात मिळतो. गाजर किसून अ‍ॅसिटोनमध्ये ठेव, तो अर्क पालकाशेजारी लाव. गाजराचा गडद पिवळा-केशरी ठिपका तुझ्या सर्वांत वरच्या पिवळ्याशी एका ओळीत आला, तर कॅरोटीनचं नाव पुस्तकाच्या आधाराशिवायही लिहिता येतं.

रिपोर्टमध्ये निरीक्षणाच्या तक्त्यात पाच ओळी येऊ दे. अंतरं दोन्ही लिही: तळापासूनचं मूळ मोजमाप आणि रेषेपासूनचं. खाली एक ओळ टाक की आरंभरेषा तळापासून २.० सेंमीवर होती आणि ती वजा केली आहे. आधीचे चुकलेले आकडे खोडरबराने पुसू नकोस, त्यांच्यावर एक सरळ रेघ मार आणि बाजूला दुरुस्त लिही. जर्नलमधली खोडलेली ओळ चालते, ब्लेडने खरवडलेली चालत नाही. आकडेमोड एकाच ठिपक्याची पूर्ण दाखव, ४.६ भागिले १०.५ म्हणजे ०.४४, बाकीच्या तक्त्यात भर. निष्कर्ष साधारण असा:

‘व्हॉटमन नं. १ कागदावर, पेट्रोलियम इथर व अ‍ॅसिटोन ९:१ या द्रावकात पालकाच्या अर्कातून पाच ठिपके वेगळे झाले. रंग, क्रम आणि Rf यांवरून ते वरून खाली कॅरोटीन (०.९६), फिओफायटिन (०.८३), झँथोफिल (०.७२), क्लोरोफिल ए (०.६४) व क्लोरोफिल बी (०.४४) असावेत. फिओफायटिन हे अर्क काढताना क्लोरोफिलपासून तयार झालेले दिसते. मोजणीतील अनिश्चितता सुमारे ०.०१.’

‘असावेत’ हा शब्द तसाच राहू दे. काही परीक्षक त्यावर प्रश्न विचारतील, तेव्हा वरचं स्पेक्ट्रोफोटोमीटरचं उत्तर दे.

आणि पट्टी जर्नलला चिकटवताना काळ्या कागदाच्या पाकिटात घालून चिकटव. सबमिशनपर्यंत दोन आठवडे गेले तर वरचा पिवळा ठिपका जवळजवळ नाहीसा होतो. मग परीक्षकाला दाखवायला तुझ्याकडे पेन्सिलची एक रिकामी गोल बाह्यरेषा आणि पट्टी भांड्यातून काढल्या काढल्या घेतलेला मोबाइलचा फोटो एवढंच उरतं. फोटो काढला नसशील तर आज रात्रीच काढ, शेजारी फूटपट्टी ठेवून, शून्य पेन्सिलच्या रेषेवर.